‘मॅडम, एक काम होतं’ ते ‘नुसता आकडा पाठवलात तरी पुरेल’: रेफरन्स मागणाऱ्या एका ईमेलचं प्रकरण

दूध प्रक्रिया प्रकल्पाच्या क्वालिटी लॅबमध्ये सव्वादोन वर्षं काम करून बाहेर पडलेली एक मुलगी. सध्या दुसरीकडे नोकरीला आहे आणि पुण्याजवळच्या एका अन्नप्रक्रिया कंपनीत क्यूसी एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी तिच्या दोन मुलाखती झाल्या आहेत. एचआरने फॉर्म पाठवला आहे: पूर्वीच्या वरिष्ठांपैकी दोघांची नावं, हुद्दा, मोबाइल, ऑफिसचा ईमेल. मुदत शुक्रवार, १४ मार्च २०२५. एक नाव पक्कं आहे. दुसरं हवं आहे ते जुन्या क्वालिटी हेड मॅडमचं, आणि त्यांच्याशी दीड वर्षात बोलणं झालेलं नाही.

हे प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे. पण यातली चूक आणि तिची दुरुस्ती रोजच्या पाहण्यातली आहे.

गेलेले मेसेज

शुक्रवारी, ७ मार्चला रात्री सव्वादहाला व्हॉट्सॲपवर सुरुवात झाली.

‘हाय मॅडम, कशा आहात?’
‘ओळखलंत का?’

शनिवारी सकाळी मॅडमचं उत्तर आलं: ‘हो गं, बरी आहे. तू कशी?’ त्यावर लागोपाठ हे गेलं:

‘मस्त मॅडम’
‘एक काम होतं’
‘एका ठिकाणी रेफरन्स द्यायचाय, तुमचं नाव दिलं तर चालेल ना?’
‘एचआरवाले कॉल करतील बहुतेक’
‘जमलं तर एक लेटर पण हवं होतं’
‘जरा लवकर सांगा ना मॅडम, अर्जंट आहे’

निळ्या टिका उमटल्या. रविवार दुपारपर्यंत उत्तर नाही.

अशा वेळी मॅडमना राग आला असावा असं मुलीला वाटतं, आणि ती माफीचा सातवा मेसेज टाकायला निघते. तिने तो टाकू नये. सकाळी मॅडमनी ‘बरी आहे’ असं लगेच लिहिलं होतं. म्हणजे संबंध चांगला आहे. अडलंय ते पुढच्या सहा मेसेजांपाशी, कारण त्यांना उत्तर देता येईल असं त्यांत काही नाही. मॅडमच्या बाजूने वाचून बघा. कुठली कंपनी? कुठलं पद? फोन की पत्र? ‘बहुतेक’ म्हणजे येणार की नाही? कधी? विचारणार काय? लेटर कशावर, कंपनीच्या लेटरहेडवर? ‘अर्जंट’ म्हणजे आज की या आठवड्यात? ‘हो’ म्हटलं तर कशाला हो म्हटलं हेच कळत नाही, आणि ‘नाही’ म्हणायला ‘चालेल ना?’ने जागाच ठेवलेली नाही. हे सगळं विचारत बसायचं तर मॅडमना आठ मेसेज टाइप करावे लागतील. शनिवारी लॅबमध्ये टँकर उभे असताना ते होत नाही. संध्याकाळी बघू म्हणून बाजूला ठेवलेला मेसेज मग खाली सरकत जातो.

ईमेल लिहिण्याआधीचं काम

पहिलं काम एचआरला विचारून नक्की काय हवं आहे ते ठरवायचं. यातच विनंती निम्म्याने हलकी होते, म्हणून थोडं सविस्तर.

मुलीने मॅडमकडे फोनही मागितला आणि लेटरही. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फोनवर मॅडम स्वतःच्या माहितीवरून, तुमची पूर्वीची वरिष्ठ म्हणून बोलतात. लेटरहेडवर पत्र दिलं की ते कंपनीचं बोलणं होतं. कित्येक कंपन्यांत असं पत्र देण्याचा अधिकार एचआरलाच असतो आणि एचआरही कामाच्या तारखा नि हुद्दा यापलीकडे काही लिहून देत नाही. तेव्हा ‘एक लेटर पण’ या तीन शब्दांनी मॅडमपुढे परवानगीचा प्रश्न उभा केला, तोही कदाचित गरज नसताना.

गरज आहे का, ते फॉर्म उघडून बघितल्यावर कळतं. फॉर्ममध्ये पत्राचा रकानाच नाही. तरी सोमवारी सकाळी एचआरला एक फोन करून पाच गोष्टी विचारून घ्यायच्या: पत्र लागतं का, फोन कोण करणार, कुठल्या आठवड्यात, साधारण किती वेळ, आणि फोनऐवजी ईमेलवर प्रश्न पाठवता येतील का. आपल्या प्रकरणात उत्तरं अशी: पत्र नको. तारखा आम्ही रिलीव्हिंग लेटरवरून बघतो, वरिष्ठांकडून फक्त कामाबद्दल ऐकायचं असतं. फोन आमचीच एचआर करेल. १७ ते २१ मार्चच्या आठवड्यात. दहाएक मिनिटं. ईमेलही चालेल.

आता ‘बहुतेक’ हा शब्द गळाला आणि लेटरही गळालं.

दुसरं काम तारखेचं. फॉर्मची मुदत १४ मार्च आहे, आणि त्या दिवशी धुळवड आहे. गुरुवारी होळी. ‘शुक्रवारपर्यंत कळवा’ असं मॅडमना लिहिलं तर उत्तराचा दिवस सुट्टीत जातो आणि मुलीचा फॉर्मही अडकतो. म्हणून मॅडमकडे मागायची तारीख बुधवार, १२ मार्च. गुरुवार आपल्या हातात राखीव राहतो. आपली मुदत आणि समोरच्याला सांगायची मुदत यांत निदान एक कामाचा दिवस असावा. मध्ये सण आला तर कॅलेंडर बघूनच वार लिहावा. वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, कारण ‘येत्या बुधवारी’ कोणता, यावर माणसं खरंच गोंधळतात.

तिसरं काम, मॅडमऐवजी देता येईल असं आणखी एक नाव हाताशी ठेवायचं. इथे त्याच लॅबचे शिफ्ट इनचार्ज. त्यांना अजून विचारायचं नाही, पण नाव ठरलेलं असलं की मॅडमना लिहिताना सुरात काकुळती येत नाही, आणि ‘नाही म्हटलं तरी चालेल’ हे वाक्य खरं होतं.

पहिला मसुदा कुठे घसरला

चॅटवरून ईमेलकडे वळताना लोक हमखास एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात. पहिला मसुदा असा उतरला:

‘माननीय महोदया, सविनय विनंती की, आपण आपल्या अमूल्य वेळातून थोडासा वेळ काढून माझ्या रेफरन्सबाबत योग्य ती कार्यवाही करून मला उपकृत करावे, ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.’

हा तहसील कार्यालयातला अर्ज झाला. दोन वर्षं जिला रोज ‘मॅडम, तुम्ही जरा बघता का’ म्हणून हाक मारली, तिला ‘महोदया’ म्हटलं की दोघींमधली ओळखच पुसली जाते. आणि एवढ्या आदरानंतरही कुठली कंपनी, काय करायचं, कधीपर्यंत, यातलं एक अक्षर नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे काय, हे पुन्हा मॅडमनीच शोधायचं. शब्द वाढले, माहिती तेवढीच राहिली.

संबोधन जसं तोंडी होतं तसंच ठेवावं: ‘नमस्कार मॅडम’ आणि पुढे ‘तुम्ही’. ‘आपण’ही चालतं, पण एकदा धरलं की शेवटपर्यंत. ‘आपण’ने सुरू होऊन मध्येच ‘तुम्हाला’ आलं की मजकूर दोन ठिकाणांहून उचलून जोडल्यासारखा दिसतो. समारोपाच्या ‘आपली नम्र’ला ही सूट आहे, तो ठरलेला शब्द आहे.

गेलेला ईमेल

विषय: रेफरन्ससाठी विनंती – (पूर्ण नाव), क्वालिटी लॅब २०२१–२३ – उत्तर बुधवार, १२ मार्चपर्यंत

नमस्कार मॅडम,

मी (पूर्ण नाव). जून २०२१ ते सप्टेंबर २०२३ तुमच्याकडे क्वालिटी लॅबमध्ये होते, बहुतेक काळ आरएमआरडीच्या सकाळच्या पाळीत. शनिवारी मी तुटक तुटक मेसेज पाठवले, त्यातून काही नीट कळण्यासारखं नव्हतं. म्हणून सगळं एकत्र लिहिते आहे.

(कंपनीचं नाव) इथे क्यूसी एक्झिक्युटिव्ह या पदासाठी माझ्या दोन मुलाखती झाल्या आहेत. त्यांना माझ्या पूर्वीच्या वरिष्ठांपैकी कुणाशी तरी बोलायचं आहे. तुमचं नाव देऊ का?

तुम्ही हो म्हणालात तर त्यांच्या एचआरचा १७ ते २१ मार्चच्या आठवड्यात एक फोन येईल, साधारण दहा मिनिटांचा. माझ्याकडे कुठलं काम होतं, ते कसं केलं, कुठे सुधारणा हवी होती आणि पुन्हा संधी आली तर घ्याल का, एवढं विचारतील. शनिवारी मी लेटरचं लिहिलं होतं, ते लागणार नाही.

उत्तरात नुसता आकडा पाठवलात तरी पुरेल:

१ – चालेल, मोबाइलवर फोन करू दे
२ – चालेल, पण ईमेलवर प्रश्न पाठवू दे
३ – या वेळी नको

१ किंवा २ असेल तर फॉर्ममध्ये तुमचा हुद्दा, व्हॉट्सॲपवरचा मोबाइल नंबर आणि ऑफिसचा ईमेल जाईल. यातलं काही द्यायचं नसेल तर तसं सांगा. माझ्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलता येईल असं वाटत असेल तरच हो म्हणा. ३ असेल तर कारण सांगायची गरज नाही, माझ्याकडे दुसरं नाव आहे.

बराच काळ गेला आहे म्हणून माझ्या कामाच्या तीन गोष्टी आठवणीसाठी:

– आरएमआरडीला टँकरचे नमुने घेऊन फॅट, एसएनएफ आणि भेसळीच्या चाचण्या. गर्बर पद्धतीने फॅट मी रोज काढत असे.
– २०२२ च्या आयएसओ २२००० ऑडिटच्या आधी लॅबच्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या फायली तुमच्या सांगण्यावरून नव्याने लावल्या.
– नवीन आलेल्या दोन ट्रेनींना नमुने घेण्याची पद्धत शिकवली.

सध्याच्या नोकरीत मी अजून काही सांगितलेलं नाही, त्यामुळे एवढं आपल्यातच ठेवाल ही विनंती. बायोडेटा सोबत जोडला आहे. तो वाचायलाच हवा असं नाही.

आपली नम्र,
(पूर्ण नाव)
(मोबाइल नंबर)

यातल्या काही जागा जवळून

विषयाची ओळ लांब वाटेल, पण तिच्यात कोण, कशासाठी, कधीपर्यंत हे तिन्ही आहे. नुसतं ‘विनंती’ किंवा ‘हॅलो मॅडम’ असं लिहिलं तर सप्लायरच्या ढीगभर ईमेलमध्ये ते कुठे गेलं ते सापडत नाही. फोनवर मात्र लांब विषयाचा शेवट कापला जातो, म्हणून ‘रेफरन्ससाठी विनंती’ आणि नाव पुढे, तारीख मागे. तारीख कापली गेली तरी ती पुढच्या मेसेजमध्ये पुन्हा येणार आहे.

ओळख पहिल्याच वाक्यात, वर्षांसकट आणि पाळीसकट. ‘ओळखलंत का?’ हा प्रश्न समोरच्याची परीक्षा घेतो. मॅडमच्या हाताखालून या काळात कितीतरी मुलं गेली असतील. ‘आरएमआरडी, सकाळची पाळी’ म्हटलं की चेहरा आठवतो. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: डेअरीत टँकर येऊन कच्चं दूध उतरवतात ती जागा. तुमच्या कामाच्या ठिकाणाचा असाच एक आतला शब्द असेल, तो वापरा. हुद्द्याच्या नावापेक्षा त्याने लवकर ओळख पटते.

एचआर काय विचारेल ते आधीच सांगितल्याने मॅडम फोनवर चाचपडणार नाहीत. ‘कुठे सुधारणा हवी होती’ हा प्रश्न लपवू नये. तो विचारला जातोच, आणि अचानक समोर आला की चांगलं मत असलेला माणूसही एखादं अडचणीचं वाक्य बोलून जातो.

आठवणीचे मुद्दे तीनच, आणि तिन्ही मॅडमनी स्वतः पाहिलेले. इथे ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारी’ असं लिहायचा मोह होतो. ते मत आहे, आणि मत मॅडमचं असायला हवं. आपण घटना पुरवायच्या. मुद्दा खरा असला तरी मॅडमना तो ठाऊक नसेल, समजा त्या रजेवर असतानाचा असेल, तर तो घालू नये. फोनवर विचारलं गेलं आणि मॅडमना आठवलं नाही तर बोलण्यावरचा विश्वास उडतो.

आकड्यांचे तीन पर्याय हा या ईमेलचा खरा आधार. उत्तर द्यायला वाक्य जुळवावं लागत नाही. टँकरचा नमुना हातात असतानाही ‘१’ दाबता येतो. नकार हा तिसरा आकडा म्हणून बाकीच्यांच्याच रांगेत आहे, त्यामुळे तो देणं अवघड जात नाही. काहींना यात नकाराला आमंत्रण दिसतं. पण ज्याला नाही म्हणता आलं नाही असा माणूस एचआरच्या फोनवर ‘हो, होती आमच्याकडे, ठीक होती’ एवढंच बोलतो. त्या ‘ठीक होती’पेक्षा ‘३’ केव्हाही बरा, कारण दुसरं नाव देता येतं.

‘आपल्यातच ठेवा’ ही ओळ लोक विसरतात. एकाच धंद्यातल्या क्वालिटीच्या माणसांच्या ओळखी सगळीकडे असतात, आणि मॅडम सहज बोलता बोलता तुमच्या आत्ताच्या साहेबांना सांगून बसू शकतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपण सांगितलेलं नसतं.

बायोडेटाची एकच पीडीएफ जोडावी आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव असावं. ड्राइव्हची लिंक टाळा. परवानगी दिलेली नसेल तर मॅडमना ‘ॲक्सेस मागा’ असा पडदा दिसतो आणि काम तिथेच थांबतं.

पाठवणं आणि पाठपुरावा

ईमेल सोमवारी, १० मार्चला दुपारी एकच्या सुमारास पाठवला. सकाळचे टँकर तोवर उरकलेले असतात. सकाळी सातला पाठवला असता तर अकरापर्यंत त्याच्यावर पंधरा ईमेल येऊन बसले असते. प्रत्येक धंद्याची अशी एक निवांत वेळ असते. तिथे काम केलेलं असल्याने तुम्हाला ती ठाऊकच असते.

लगेच व्हॉट्सॲपवर एकच मेसेज: ‘मॅडम, रेफरन्सचं सगळं नीट लिहून तुमच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवलं आहे. बुधवार, १२ मार्चपर्यंत नुसता आकडा कळवलात तरी चालेल, इथे कळवलंत तरी चालेल.’ हा मेसेज हवाच, कारण बाहेरच्या पत्त्यावरून आलेला ईमेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. आणि ‘इथे कळवलंत तरी चालेल’ हेही हवं. मजकूर ईमेलवर वाचून उत्तर फोनवर द्यायला माणसांना सोपं जातं.

बुधवारी दुपारपर्यंत काहीच आलं नसतं, तर त्याच ईमेलला उत्तर देऊन दोन ओळींची एक आठवण पाठवायची: ‘मॅडम, उद्या फॉर्म भरायचा आहे. आज संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर दुसरं नाव देते, तुम्ही काही करायला नको.’ तेवढंच, दुसरी आठवण नाही. संध्याकाळी शिफ्ट इनचार्जना विचारायचं. उत्तर न आलेल्या माणसाचं नाव ‘रागावणार थोडीच’ म्हणून फॉर्ममध्ये टाकणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. एचआरचा फोन गेला आणि समोरून ‘मला कुणी विचारलं नव्हतं’ आलं, तर उमेदवाराबद्दल तेवढंच एक वाक्य पोहोचतं.

आपल्या प्रकरणात उत्तर सोमवारी रात्रीच व्हॉट्सॲपवर आलं: ‘१. चारनंतर कर म्हणावं. ऑफिसचा मेल देऊ नकोस, आमच्याकडे त्यावरून काही लेखी गेलं तर एचआरला विचारावं लागतं.’

ही अट बऱ्याचदा येते. यावर मॅडमना ‘पण फॉर्ममध्ये कंपल्सरी आहे हो’ असं उलट लिहायचं नाही. ती अडचण आपली आणि नव्या कंपनीची आहे. मंगळवारी सकाळी एचआरला फोन करून तेच शब्द सांगितले: वरिष्ठ मोबाइलवर बोलायला तयार आहेत, ऑफिसचा ईमेल त्यांच्या कंपनीच्या नियमामुळे देता येत नाही. एचआरने तो रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात कारण लिहायला सांगितलं. सगळीकडे हे चालेल असं नाही. पडताळणीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे असेल तर ती ऑफिसच्या ईमेलवर अडून बसू शकते. मग तिथे मॅडमऐवजी जुन्या कंपनीच्या एचआरचा पत्ता द्यावा लागतो आणि मॅडमचं नाव फोनपुरतं राहतं.

शेऱ्यात गेलं ते असं: ‘मोबाइलवर दुपारी ४ नंतर उपलब्ध. कंपनीच्या नियमानुसार ऑफिस ईमेलवरून रेफरन्स देत नाहीत.’ फॉर्म मंगळवारीच गेला. मॅडमना एक ओळ: ‘मॅडम, फॉर्म दिला. ऑफिसचा ईमेल दिलेला नाही. फोन १७ ते २१ मार्च, सोमवार ते शुक्रवार, चारनंतर येईल. मनापासून आभार.’

फोन होऊन गेल्यावर, निकाल काहीही लागो, तो मॅडमना कळवायचा मेसेज अजून बाकी आहे. तो कॅलेंडरवर २४ मार्चला, सोमवारी, लिहून ठेवला आहे.